कुलूप लावलेल्या वाडीचं वर्णन: कातकऱ्यांवरच्या एका जुन्या प्रकरणाचे प्रश्न

मागच्या वेळी आपण मानववंशशास्त्रातलं क्षेत्रकार्य म्हणजे काय ते पाहिलं. आज नवीन काही शिकवायचं नाही, एक प्रकरण वाचून त्यावर प्रश्न घ्यायचे आहेत. प्रकरण आपल्याच भागातल्या माणसांबद्दलचं आहे. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये कातकऱ्यांविषयी जी पानं आहेत, ती. ठाण्याचा खंड १८८२ चा, कुलाब्याचा १८८३ चा. कुलाबा म्हणजे आजचा रायगड, नाव १९८१ मध्ये बदललं. दोन्ही खंडांत कातकरी आहेत, पण ठाण्याच्या खंडातलं वर्णन जास्त भरगच्च, म्हणून ते घेतलं.

हे प्रकरण बिरवाडीत वाचायला एक कारण आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर आदिवासीवाड्या आहेत, आणि शासनाच्या कागदात महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती अतिअसुरक्षित आदिम म्हणून नोंदल्या आहेत त्यांत माडिया गोंड आणि कोलाम यांच्याबरोबर कातकरी आहेत. म्हणजे लेखातला माणूस इथल्या बाजारात रोज भेटतो. लांबच्या बेटावरच्या लोकांबद्दलचं वर्णन वाचताना आपण ते मुकाट्याने मानतो. इथे ते पडताळून पाहता येतं.

पहिला प्रश्न आम्ही असा ठेवला होता: या प्रकरणात चांगलं काय आहे? सभेत थोडी कुजबुज झाली, कारण सगळे टीका करायच्या तयारीने आले होते. पण चांगलं आहे, आणि ते आधी सांगायला हवं. काताचं काम. खैराचं झाड तोडायचं, वरचं पांढरं लाकूड काढून टाकायचं, आतल्या लाल गाभ्याचे बारीक तुकडे करायचे, ते मातीच्या मडक्यांत उकळायचे, रस आटवून घट्ट झाला की त्याच्या वड्या पाडायच्या. पहिल्या झाडाची पूजा होते, शेंदूर लावला जातो. कोण लाकूड तोडतं, कोण चुलीपाशी बसतं, हेसुद्धा लिहिणाऱ्याने पाहिलं आहे. आज आपल्या भागात हे काम कोणी करत नाही. ते ज्यांनी केलं त्यांच्या नातवंडांना ते कसं व्हायचं हे वाचायचं असेल, तर ते या पानांवर सापडतं. हे ऋण नाकारायचं कारण नाही.

आता तीच पानं पुढे वाचा. हात काय करत होते हे सांगून झालं की स्वभाव सुरू होतो. कातकरी दारूचा शौकीन, चोरीची सवय असलेला, एका जागी न टिकणारा, सगळ्यांत खालचा. आमच्या मते या प्रकरणाची टीका इथून सुरू होते. क्रियापदं असतील तिथे लिहिणारा खरा आहे, विशेषणं आली की तो घसरतो. का घसरतो? तो वाईट माणूस होता म्हणून, असं उत्तर सभेत आलं. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. तो कुठे उभा होता आणि कुठल्या महिन्यात उभा होता, हे विचारलं तर जास्त हाती लागतं.

महिन्याचंच आधी घेऊ.

इंग्रज अधिकाऱ्याचं वर्ष दोन भागांत वाटलेलं असे. पाऊस संपला की तंबू घेऊन दौरा, आणि पाऊस लागला की मुख्यालयात बसून कागद. कोकणात तर याला पर्यायच नव्हता. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या पायथ्याला घोडा काय, माणूसही धड चालत नाही. म्हणजे गॅझेटिअरसाठी ज्यांनी टिपणं पाठवली त्यांनी कातकऱ्याला पाहिलं ते कोरड्या महिन्यांत. आणि कोरड्या महिन्यांत कातकरी कुठे असायचा? घरी नसायचा. काताच्या कामाला रानात असायचा, मोळी विकायला बाजारात असायचा, कोणाच्या तरी खळ्यावर असायचा. भात कापून झालं की बांध उकरून उंदीर काढायचा, बिळात साठलेलं भातही मिळायचं. हे सगळं कार्तिक-मार्गशीर्षातलं काम. साहेबाचा तंबू नेमका तेव्हा पडायचा.

त्याला जे दिसलं नाही ते बघा. रोहिणी-मृगाच्या सुमाराला कातकरी वाडीवर परत येतात. घर शाकारतात. पहिल्या पुराला वलगणीचे मासे धरतात, रात्री बत्ती घेऊन मुठे पकडतात. मग भातलावणी. कोणाची भातलावणी कातकऱ्यांच्या हातांशिवाय उरकत होती? दसरा-दिवाळीपर्यंत वाडी भरलेली असते. लग्नं, भांडणं, देवाचं, पोरांचं, सगळं. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने हा माणूस एका जागी, एका वाडीत, शेजाऱ्यांत राहतो. पण ते महिने बघणाऱ्याच्या वेळापत्रकात नव्हते. म्हणून ‘भटका’ हा शब्द कातकऱ्याचं जेवढं वर्णन करतो तेवढंच अधिकाऱ्याच्या दौऱ्याचंही करतो, असं आमचं म्हणणं आहे.

सभेत एकांनी विचारलं, सर, हे तर दीडशे वर्षांपूर्वीचं झालं, आता काय? तर आताचं सांगतो. काताची जागा वीटभट्टीने आणि कोळशाच्या भट्टीने घेतली, पण महिने तेच राहिले. दिवाळीनंतर वाडी निघते, पावसाच्या तोंडावर परतते. आणि २०११ ची जनगणना झाली ती ९ ते २८ फेब्रुवारीत. ऐन भट्टीच्या हंगामात. आपल्या जनगणनेचा नियम असा की त्या वीस दिवसांत माणूस कधीही आपल्या नेहमीच्या घरी असेल तर त्याची मोजणी तिथे होते. पूर्ण काळ बाहेर असेल तर तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. नियमात गैर काही नाही. कोणी दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून तो केला आहे.

पण एक वाडी घेऊन पाहू. समजा वीस घरं आहेत. बारा घरं भट्टीवर गेली, आठ राहिली. राहिलेल्यांत म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली दोन-चार नातवंडं. गणकाने बारा दारं बंद बघितली. आपण सोयीने कुलूप म्हणतो, खरं तर दाराला काटेरी फांदी अडकवलेली असते. त्याने ती घरं बंद अशी नोंदली. बारा घरांतली माणसं भट्टीवर मोजली गेली असतील, म्हणजे दुसऱ्या गावच्या, बहुधा दुसऱ्या तालुक्याच्या आकड्यात. भट्टी आडबाजूला असेल आणि तिथला गणक तिथवर गेला नसेल, तर कुठेच नाही. आता या वाडीचा आकडा वाचणाऱ्याला काय दिसेल? लहान वस्ती, म्हातारी माणसं, शाळेत जायच्या वयाची मुलं कमी. त्यावरून शाळेची खोली ठरते, नळाची योजना ठरते. कोणी खोटं लिहिलं नाही. पण कागदावर जी वाडी आली ती फेब्रुवारीतली वाडी आहे, श्रावणातली नाही.

ही चूक ओळखायची कशी? सोपी खूण आहे. कुठल्याही वाडीचं वर्णन वाचताना त्यात महिना लिहिला आहे का ते बघा. नसेल तर त्यात येणारी कामं बघा: लावणी, मासे, शाकारणी यांचा उल्लेखच नसेल आणि मोळी, भट्टी, उंदीर, दारू एवढंच असेल, तर लिहिणारा कोरड्यात येऊन गेला. उलटंही घडतं. फक्त पावसाळ्यात आलेला विद्यार्थी लिहील की इथे स्थलांतर फारसं नाही. आम्हीही चुकलो आहोत. याच मालिकेसाठी आम्ही पहिल्यांदा जे टिपण वाटलं होतं त्यात ‘भटकी जमात’ असा शब्द होता. तो आम्ही न तपासता छापील पुस्तकातून उचलला होता.

छापील पुस्तकाचा विषय निघाला म्हणून एक सांगून टाकतो. एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींचे खंड १९२० ते १९२२ मध्ये निघाले. १९३४ मध्ये ए. एन. वेलिंग यांचं कातकऱ्यांवर स्वतंत्र पुस्तक आलं. नंतरच्या लेखकांना ही सगळी पुस्तकं एका ओळीत मिळतात. एकच गोष्ट तीन ठिकाणी दिसली की तीन साक्षीदार मिळाले असं वाटतं. एन्थोव्हेन यांनी गॅझेटिअरचा भरपूर आधार घेतला आहे. म्हणजे साक्षीदार एकच असतो आणि त्याची जबानी पुन्हा पुन्हा नकलून घेतलेली असते. संदर्भसूचीत तीन नावं दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका, मागे जाऊन वाडीत प्रत्यक्ष कोण गेलं होतं ते शोधा.

आता जागेचा प्रश्न. लिहिणारा कुठे बसला होता?

इथे श्रीनिवासांचं उदाहरण फार उपयोगी पडतं. एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले. त्या गावाला त्यांनी रामपुरा असं नाव दिलं आणि त्यावर १९७६ मध्ये पुस्तक लिहिलं. ते राहिले गावच्या पाटलाच्या जागेत. ते स्वतः ब्राह्मण. पुस्तकात त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं आहे की आपण गावाकडे वरच्या जातींच्या बाजूने पाहिलं आणि दलित वस्तीत आपला वावर कमी पडला. ही कबुली पुस्तकातच असल्यामुळे आपण ते नीट वाचू शकतो. पाटलाच्या ओटीवरून काय दिसेल, काय नाही, याचा हिशेब मनात ठेवता येतो. गॅझेटिअरमध्ये असा लिहिणारा दिसतच नाही. वाक्य जणू आकाशातून पडलेलं.

पण कुलाब्याच्या दक्षिण भागात ओटी कोणाची होती ते आपल्याला ठाऊक आहे. खोताची. महाडच्या बाजूला खोती होती, ती कायद्याने गेली १९४९ मध्ये. साहेब गावात आला की त्याच्यापुढे कोण उभं राहायचं? खोत, पाटील, तलाठी. कातकरी साहेबापुढे यायचा तो हमाल म्हणून किंवा आरोपी म्हणून. मग कातकरी कामाला कसा, असं विचारलं तर उत्तर कोण देणार? ज्याला तो स्वस्तात आणि वेळेवर हवा आहे, तो. ‘आळशी’ हा शब्द मालकाच्या तोंडचा आहे. मजुराने काम नाकारलं, की मालकाच्या भाषेत तो आळशी होतो.

चोरीचंही तसंच, फक्त तिथे एक कायदा मध्ये आहे. १८७८ चा वन कायदा आला आणि जंगलं राखीव व्हायला लागली. कालपर्यंत खैर तोडणं हे काम होतं, आता परवान्याशिवाय तोडलं तर गुन्हा. गॅझेटिअरचे खंड यानंतर चार-पाच वर्षांत छापले गेले. त्याच पुस्तकात एका पानावर काताच्या कामाची वाखाणणी आणि दुसऱ्या पानावर चोरीची सवय. दोन्ही पानांमध्ये तो कायदा उभा आहे, पण लिहिणाऱ्याने त्या दोन पानांची गाठ मारलेली नाही. सगळी चोरी अशीच होती, असं आमचं म्हणणं नाही. उपाशी माणूस कणगीतलं भातही उचलतो. पण जी गोष्ट एका सालापासून गुन्हा झाली तिला रक्तातली खोड म्हणता येत नाही.

पोटजातींच्या नावांवर एका ताईंनी फार चांगला प्रश्न काढला. गोमांस न खाणारे ते सोन कातकरी आणि खाणारे ते ढोर कातकरी, अशी विभागणी पुस्तकांतून येते. ताईंचं म्हणणं, सोनं आणि ढोर ही नावं स्वतःच्या माणसांना कोण ठेवेल? आम्ही उत्तर दिलं की नावं आजूबाजूच्या उच्च-नीचतेच्या मापाने बनली आहेत हे उघड दिसतं, पण वरच्या गटाने ती आपणहून मिरवलीही असतील. माप बाहेरचं असलं तरी ते आत शिरतं. म्हणून अभ्यासकाने नाव लिहिताना ते कोण कोणाला म्हणतं हे लिहावं. ‘यांच्यात दोन पोटजाती आहेत’ या वाक्यात तेच गायब होतं.

मग सभेतला सगळ्यांत अवघड प्रश्न आला. मागे बसलेली, आदिवासीवाडीवरचीच एक मुलगी. ती म्हणाली, “सर, तुम्ही मघाशी दोनदा उंदीर म्हणालात. कॉलेजात मला यावरूनच चिडवतात. खरं असलं तरी तुम्ही ते का सांगता?”

याचं तयार उत्तर आमच्याकडे नव्हतं. चर्चा इथे बराच वेळ थांबली. एक बाजू अशी की ज्याने समाजाची मान खाली जाते ते लिहूच नये. ही बाजू हलकी समजू नका. गॅझेटिअरमधली नेमकी तीच वाक्यं लोक लक्षात ठेवतात, काताची कोणी ठेवत नाही. दुसरी बाजू अशी की वगळलं तर आपण शेजाऱ्यांची किळस बरोबर ठरवतो, जणू ते खरंच लाजिरवाणं होतं. आणि भूक लपते. कापणीनंतर बांध उकरून बिळातलं भात काढणं हा ज्याच्याकडे जमीन नाही त्याचा सुगीतला वाटा होता. ते गाळलं तर जमीन नव्हती हेही गळतं.

आम्ही शेवटी असं म्हणालो की लिहायचं असेल तर पूर्ण लिहा. कुठल्या महिन्यात, कोणाच्या शेतात, बरोबर आणखी काय मिळायचं, आणि तेव्हा घरात दुसरं काय शिजत होतं. वलगणीचे मासे आवडीने खाणारा बिगरआदिवासी शेजारीही त्याच पानावर आणा. आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते छापण्याआधी वाचून दाखवा. मुलीला हे पटलं का? अर्धंच पटलं असावं. ती म्हणाली, वाचून दाखवाल, पण आम्ही नको म्हटलं तर काढाल का? तिचं हे वाक्य आम्ही पुढच्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेत जसंच्या तसं घातलं आहे.

वाचून दाखवण्याच्या पुढे गेलेलं एक काम रायगडमध्येच झालं आहे, ते सांगतो. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं कातकऱ्यांच्या वाड्यांवरचं पुस्तक २०१३ मध्ये आलं, बन्सी घेवडे आणि ज्ञानेश्वर पाटील यांच्या साथीने. त्यात अभ्यासाचा प्रश्नच वाडीने मांडलेला आहे: ज्या जागेवर आमच्या पिढ्या राहिल्या ती जागा कोणाची? बऱ्याच कातकरीवाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर आहेत. मुंबईचं जमिनीचं गिऱ्हाईक इकडे सरकलं तसं मालकांनी वाड्यांभोवती कुंपणं घालायला सुरुवात केली. लोकांनी बसून आपल्या वाडीची स्थिती तपासली, कोणाची भीती आहे, कोण मदत करेल, याची मांडणी केली, आणि त्यातून पुढच्या हालचाली ठरल्या. इथे निरीक्षक आणि निरीक्षित असे दोन पाट मांडलेले नाहीत.

याही पुस्तकाला आम्ही प्रश्न विचारला. चळवळीबरोबर बसून लिहिलं की चळवळीला अडचणीचं ठरेल ते लिहिता येतं का? वाडीतल्या वाडीत कोण मुकादमाच्या बाजूचा, कोणाने मालकाकडून उचल घेतली आहे म्हणून तो गप्प? त्या लेखकांनी वाड्यांमधली भीती आणि फाटाफूट लपवलेली नाही, हे श्रेय त्यांना द्यायला हवं. पण ही पद्धत वापरणाऱ्या प्रत्येकाला हा पेच पडणार. अधिकारी खोताच्या ओटीवर होता, हा अभ्यासक वाडीच्या अंगणात आहे. अंगणही एक जागाच आहे. फक्त ती कुठली हे त्यांनी सांगितलं आहे.

आणि जागेचा हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. २००६ चा वनहक्क कायदा वनजमिनीला लागू आहे, खाजगी जमिनीवरच्या वाडीला तो कामाचा नाही. १९४८ च्या कूळकायद्यात कुळाच्या आणि शेतमजुराच्याही राहत्या घराला संरक्षण आहे, पण कातकरी बहुतेकदा मजूर म्हणून राबला आणि त्याचं नाव कागदावर लागलंच नाही. अशा वेळी वाडी इथे किती वर्षं आहे हे कागदाने दाखवावं लागतं. आणि जुन्या कागदात, छापील आणि सरकारी कागदात, त्याच्याबद्दल लिहिलेलं असतं की हा माणूस एका जागी टिकत नाही. समोरचा वकील ते पान काढणार नाही असं कोण सांगेल? कोरड्या महिन्यात आलेल्या माणसाने लिहिलेलं एक विशेषण असं दीडशे वर्षांनी घराच्या जोत्यापर्यंत पोचतं.

म्हणून आपल्यापैकी जे विद्यार्थी या दिवाळीच्या सुट्टीत वाडीवर जाणार आहेत त्यांना आमचं सांगणं एवढंच: सुट्टीत जा, पण वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहा, कोणाच्या घरी उतरलात ते लिहा, तुमची ओळख वाडीत कोणी करून दिली ते लिहा. सरपंचांनी करून दिली असेल तर तसं. बंद घरं मोजा आणि ती कोणाची, माणसं कुठल्या भट्टीवर गेली, ते शेजारणीला विचारा. आणि लावणीच्या दिवसांत एकदा परत जा. एकांनी विचारलं, तेव्हा परीक्षा असतात, प्रकल्प तर मार्चमध्ये द्यायचा असतो. बरोबर आहे. तर मग प्रकल्पाच्या शीर्षकातच महिने घाला. ‘कातकरी समाजाचे जीवन’ असं लिहू नका, ‘नोव्हेंबरमध्ये वाडीवर राहिलेली माणसं’ असं लिहा. मार्गदर्शक भुवया उंचावतील, तेव्हा त्यांना आजचं हे प्रकरण वाचायला द्या.